जोडून आलेली सुट्टी

ऑफिसात त्याला सगळे सुतार म्हणत. रंधा त्याने जन्मात हातात धरला नव्हता, पण सुट्टीला सुट्टी जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नव्या वर्षाच्या सुट्ट्या जाहीर झाल्या, की बाकीचे वाचून होईपर्यंत याचे रजेचे अर्ज साहेबांच्या टेबलावर! गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारची एक रजा टाकायची आणि शनिवार-रविवार धरून चार दिवस पदरात पाडून घ्यायचे. एखादी रजा फुकट गेली तर त्याला अन्न गोड लागत नसे.

बाबा दुसऱ्या गावी, ताईकडे असत. हल्ली त्यांना माणसांचा विसर पडू लागला होता. ताई बोलवायची, तेव्हा हा म्हणायचा, "सुट्टी जोडून आली की येतोच." यायचाही, खोटं कशाला बोला. पण यायचा तो कॅलेंडरच्या सवडीने.

त्या मंगळवारी दुपारी ताईचा फोन आला. ती हसत होती आणि रडतही होती.

"अरे, बाबांनी आज मला नावाने हाक मारली! किती महिन्यांनी! सारखं तुझंच विचारतायत. आजच नीघ, सकाळपर्यंत पोचशील."

"ताई, परवा सुट्टी आहेच. शुक्रवारची रजाही मंजूर झालीय. चांगला चार दिवस येतो की."

"आणि उद्या?"

"उद्याही रजा टाकली, तर मधली सुट्टीसुद्धा रजेत धरतात गं. एकाच्या जागी तीन जातील. वर्षाच्या शेवटी मोठी सुट्टी जमवतोय, ती तुमच्याकडे यायलाच ना!"

"बघ बाबा, तुझं तू," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्याचा हिशेब चोख होता, नियमाला धरून होता. बुधवारी तो नेहमीसारखा कामावर गेला.

गुरुवारी सकाळी ताईने दार उघडलं, त्याच्या हातातली बॅग घेतली, पण वर बघितलं नाही.

"काल दिवेलागणीपर्यंत दारातच बसून होते," ती म्हणाली. "आज उठले ते..." ती बॅग घेऊन आत वळली.

बाबा खिडकीपाशी बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, भांग नीट पाडलेला होता. त्याला बघून ते अदबीने अर्धवट उठले.

"या, या. आपण कोण?"

"बाबा, मी आलोय."

"हो का? बसा ना." ते ओळखीचं काही शोधल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले, मग हसले. "आज सुट्टी वाटतं तुम्हाला? आमचे चिरंजीवही यायचेत. सुट्टी जोडून आली की येतोच तो. शब्दाचा पक्का आहे."

दैव देतं आणि कर्म नेतं, असं लोक उगाच नाही म्हणत. त्याला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. तो समोरच्या खुर्चीत बसला.

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तो येईपर्यंत थांबाल ना? घाईत नाही ना तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला. "मला चार दिवस सुट्टी आहे."