पाचव्या नियमाचं कारण

मारुतीराव अण्णांच्या ठिबक सिंचन कंपनीचं ऑफिस अनगोळच्या गाळ्यातून कॅम्पातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलायचं ठरलं आणि जो तो येता-जाता नव्या जागेचं दर्शन घ्यायला लागला. टेबलं पोचायच्या आधीच तिथं दोन भांडणं झाली, तीही नुसत्या फरशीवरच्या जागेवरून. मग ऑफिस मॅनेजर ऋतिकानं मनाशी पक्कं केलं: सामान सोमवारी हलणार, त्याआधी सगळ्यांना ईमेल जाईल, त्यात नियम असतील आणि प्रत्येक नियमाखाली त्याचं कारण असेल. ज्याला कारण नाही, तो नियम नाही.

तिला नोकरीला लागून चारच महिने झाले होते. हा ईमेल लोकांनी मानला तर पुढचेही मानले असते. नाहीतर झेरॉक्सच्या कागदापलीकडं तिला कुणी काही विचारलं नसतं.

माणसं चौदा, टेबलं बारा. तिनं लिहिलं: रोज ऑफिसात बसणाऱ्या दहा जणांना स्वतःचं टेबल. आठवड्यातले चार दिवस शेतावर असणाऱ्या चौघांत मिळून दोन, कारण रिकाम्या टेबलावर पंखा फिरवून कुणाचं भलं होत नाही. शनिवारी चौघं एकदम येतात, तेव्हा मीटिंगचं टेबल आहे. कामाला किंवा तब्येतीला जी जागा लागते ती आधी द्यायची: हिशेबवाल्याला कुलपाच्या कपाटाशेजारी, रिसेप्शनला दाराशी, दत्तोपंतांना गुडघ्यांमुळं लिफ्टजवळ. उरलेल्या सात टेबलांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघतील. नोकरीची वर्षं मोजायची नाहीत, कारण मग चांगली जागा एकाच माणसाबरोबर म्हातारी होते. मॅनेजरचं नावही चिठ्ठीतच. चौथा नियम अदलाबदलीचा: दोघं राजी असतील तर खुशाल करावी, फक्त कळवावं; आणि सहा महिन्यांनी चिठ्ठ्या परत निघतील, म्हणजे नशीब फुटलेल्यालाही आशा राहील.

शुक्रवारी दुपारी तिनं हा मजकूर अण्णांना दाखवला. अण्णांनी वाचला, वा म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. अण्णा चष्मा पुसायला लागले की बहिणीचा फोन येऊन गेलेला असतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

"एक ओळ घाल की गं. रविराजला खिडकीजवळचं टेबल."

रविराज अण्णांचा भाचा. निपाणीकडची शेतं बघायचा, म्हणजे त्या शेतावरच्या चौघांतला एक. त्याला कायमचं टेबल म्हणजे चिठ्ठीतल्या सातांपैकी एकजण उभा.

ऋतिका नाही म्हणाली नाही. तिनं 'पाचवा नियम' असं टाइप केलं, खाली 'कारण' लिहिलं, पुढं जागा मोकळी सोडली आणि लॅपटॉप अण्णांकडं फिरवला.

"कारण तेवढं तुम्ही सांगा, अण्णा."

अण्णा म्हणाले, पोरगा उंच हाय, पाय पसरायला जागा लागते. ऋतिकानं ते टाइप केलं आणि विचारलं, मग वॉचमन परशरामचं काय करायचं. परशराम सहा फूट दोन इंच. त्याला खिडकी दिली तर गेटवर कोण? अण्णांनी उंची खोडली. मग त्यांनी विक्री काढली. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त विक्री सौम्याची होती. विक्रीही खोडली. अण्णांनी उठून दार लावलं.

"भाचा हाय माझा. लिव तसंच."

ऋतिकानं तसंच लिहिलं. मग म्हणाली, नात्यानं द्यायचं तर क्रम लावावा लागेल, कारण ऑफिसातली निम्मी माणसं अण्णांच्याच खानापूरकडच्या गावची. बेबी साडूची लेक. आणि चहा करणाऱ्या मालुबाई तर चुलत आत्या.

चुलत आत्या जवळची की भाचा, हे ठरेना, म्हणून मालुबाईंनाच आत बोलावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं ढुंगण मी धुतलंय, मारुती. त्यानं न्हाय," त्या म्हणाल्या. "खिडकीतल्या खुर्चीला चाकं हायत व्हय?"

अण्णांनी पाचवा नियम स्वतःच्या हातानं पुसला. तिथंच बसून बहिणीला फोन लावला आणि तिला चारही नियम कारणांसकट वाचून दाखवले. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. अण्णा फक्त व्हय व्हय म्हणत होते, पण पुसलेली ओळ त्यांनी परत लिहायला सांगितली नाही. पाच चाळीसला ईमेल सगळ्यांना गेला.

सोमवारी चिठ्ठ्या निघाल्या. खिडकी बेबीला मिळाली. ऋतिकाला बाथरूमच्या भिंतीलगतचं टेबल आलं. तिनं चिठ्ठी सगळ्यांना दाखवली आणि तिथंच पर्स ठेवली.

मंगळवारी रविराज आला. त्यानं खिडकीकडं बघितलं, तिथं बेबी डबा उघडून बसली होती. मग तो ऋतिकापुढं येऊन उभा राहिला.

"मामा म्हणाला, तिलाच विचार. मी कुठं बसू?"

ऋतिकानं मधल्या रांगेतलं, शेतावरच्या चौघांसाठीचं टेबल दाखवलं.

"आणि ते का म्हणून?"

"ईमेलमध्ये लिहिलंय."

रविराजनं उभ्या उभ्या मोबाइल काढला. एकदा वाचलं, वर बघितलं, परत वाचलं. ऋतिका हातातलं काम करत राहिली. भिंतीपलीकडं कुणीतरी नळ सोडला. थोड्या वेळानं मधल्या रांगेतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला.