बिनपावतीचं भाडं

बाळासोंनी गाळ्याचं दार ढकललं तेव्हाच निशानं ओळखलं, आज भाड्यासाठी आलेले नाहीत. भाड्याला येताना ते बाहेरूनच हाक मारायचे.

शाहूपुरीतल्या त्या एवढ्याशा गाळ्यात निशाचं टायपिंग आणि कॉम्प्युटरचं दुकान होतं. सहा वर्षं तिनं महिन्याचे आठशे रुपये एकदाही चुकवले नव्हते. गाळा बाळासोंचा. असले चार गाळे त्यांचे, वर गडमुडशिंगीत म्हशी आणि ऊस. पैशाला कमी नव्हतं, कमी होतं ते दुसरंच काही.

बाळासोंनी शिरोलीच्या एका फौंड्रीचं कोरं लेटरहेड टेबलावर आपटलं. "ह्याच्यावर छाप. आमचा पोरगा यशराज सुपरवायजर, पगार म्हैन्याला नऊ हजार. म्यानेजरची सही मी बघतो. बँकेचं कर्ज काढून घरावर दोन खोल्या चढवायच्यात."

"यशराज तिथं कामाला आहे?"

"न्हाय. म्हणून तर तुझ्याकडं आलोय की!"

"मग नाही जमणार, मामा. खोटा कागद करणारा आणि वापरणारा, दोघंही आत जातात."

बाळासोंचा चेहरा लालबुंद झाला. पण निशा थांबली नाही. तिचा स्वभावच तसा, एकदा तोंड उघडलं की अर्धवट ठेवायची नाही. "आणि नुसत्या नोकरीच्या पत्रानं काय होतंय? ते पगार देऊ म्हणून सांगतं, मिळाला म्हणून नव्हे. बँक तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा बघते, फॉर्म सोळा बघते, पासबुकात सहा महिने पगार जमा झालेला बघते. वर फौंड्रीचा नंबर स्वतः शोधून फोन करते."

"मला शिकवू नगंस!"

"खरं उत्पन्न दाखवा की. चार गाळ्यांचं भाडं येतं तुम्हाला."

भाडं यायचं, पण रोख. पावती मागितली की बाळासो म्हणायचे, "पावती दिली की इन्कमट्याक्सवाला दारात." भाडेकरार नाही, रिटर्न नाही. चार गाळ्यांचा मालक कागदावर कफल्लक होता. आता कुणाला दोष द्यायचा?

"मग मामींच्या दुधाची बिलं लावा," निशा म्हणाली. "दूध संस्थेत सभासद त्याच आहेत. दर दहा दिवसांचं बिल त्यांच्या नावावर निघतं, पैसे त्यांच्या पासबुकात पडतात. कर्ज मामींच्या नावानं मागा."

"बायकूच्या नावावर कर्ज? मिशी काढून ठिवू व्हय?" ते उठले. "तुमच्यातल्या पोरीला शाहूपुरीत गाळा कोण देत हुतं? मी दिला. आनि मलाच कायदा दावतीस?"

निशानं ते लेटरहेड उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

पत्र दुसरीकडं छापलं गेलंच. बँकेनं फौंड्रीत फोन केला, असा माणूसच नाही म्हणून उत्तर आलं. बँकेच्या मॅनेजरनं सगळ्यांदेखत अर्ज परत फेकला आणि पोलिसांचं नाव काढलं. बाळासो तिथून तरातरा निघाले ते थेट गाळ्यावर.

"तूच सांगितलंस बँकंत! आत्ताच्या आत्ता गाळा मोकळा कर."

"मी कुणालाही सांगितलं नाही. आणि मी भाडेकरू आहे, मामा. सहा वर्षं भाडं भरलंय."

"पावती दाव."

सहा वर्षांत निशाला एकही पावती मिळाली नव्हती. एवढी पावती असती तर तिचा गाळा वाचला असता. एवढी पावती फाडली असती तर बाळासोंना खोट्या कागदाची गरजच पडली नसती. हे त्यांच्या ध्यानात आलं का, देव जाणे. त्यांनी संध्याकाळी कुलूप मात्र घातलं. निशानं कॉम्प्युटर रिक्षात घातला आणि घरापर्यंत रडत गेली.

महिन्याभरानं ती तहसील कचेरीच्या दारात टेबल टाकून बसली होती. जुना टाइपरायटर, वर ताडपत्री. समोर एक बाई येऊन उभी राहिली, हातात दुधाच्या बिलांची चळत, जुन्या साडीच्या काठानं बांधलेली. बाळासोंची बायको, अंबूबाई.

"दोन वर्साची बिलं हाईत, पासबुकबी हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं अर्ज टाइप कर. त्यांस्नी इचारलं न्हाय मी, नुस्तं सांगितलं."

निशाच्या जिभेवर नकार आला होता. पण प्रत्येक बिलावर अंबूबाईंचंच नाव होतं, एकही कागद खोटा नव्हता. तिनं कागद चढवला. व्यवसायाच्या रकान्यात काय, म्हणून विचारलं. रेशनकार्डावर घरकाम होतं. "म्हशी कोण राखतंय? मीच न्हवं?" अंबूबाई म्हणाल्या. निशानं लिहिलं, दुग्धव्यवसाय.

काम झाल्यावर अंबूबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि वीस रुपये टेबलावर ठेवले. तरी त्या हलेनात.

"काय राहिलं, मामी?"

"पावती दे की. घरात न्हिऊन दावतो त्यांस्नी, पावती कशी असती ती."