आगाऊ रजा

रजा मागायला तिच्याइतकं जिवावर कुणाला येत नसेल. कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर ती वर्षानुवर्षं उभी होती, पण लेकराच्या टायफॉइडमध्ये सगळी रजा संपली आणि खात्यावर उरली जेमतेम. इकडे धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेले. आई नाही, सासरी जीव लावणारं कुणी नाही. बाळंतपणाला मी येणार म्हणजे येणार, असा शब्द तिनं दिला होता.

मग काय, गेली रजेच्या साहेबांकडे. साहेब म्हणजे महाचिकट माणूस, रजा जणू त्याच्या घरून जाते! त्यानं आधी आढेवेढे घेतले आणि मग नियम ऐकवला. वर्षअखेरपर्यंत जेवढी रजा जमणार आहे, तेवढीच आगाऊ मिळेल. खातं उणे होईल आणि दरमहा जमणारी रजा आधी तो खड्डा भरेल. तो भरेपर्यंत पुन्हा आगाऊ मागायची नाही. मध्येच नोकरी सोडली तर राहिलेले दिवस शेवटच्या पगारातून कापले जातील. तिनं मान डोलावून सही केली. मंजुरी आली तेव्हा तिला रडूच फुटलं.

आणि त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

नवरा दवाखान्यातून आला तो हुश्श करतच. त्याची रजा केव्हाच संपली होती आणि त्याच्याकडे आगाऊ वगैरे लाड नव्हते. म्हणाला, "बरं झालं बाई, तुझी मंजूर आहे. तारखा तेवढ्या अलीकडे घे."

बहिणीचं काय, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही काढलं नाही. काढून बोलणार काय? म्हातारी अंथरुणाला खिळलेली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीबाहेर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं, या माणसानं नाही म्हणावं. नियम दाखवावा, खेकसावं, हाकलून द्यावं. तेवढं एक कारण मिळालं तरी घरी सांगता आलं असतं.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि चक्क खुर्ची पुढे केली. आपल्या आईचंही असंच झालं होतं म्हणाले. बिनविनवणीची सही झाली. "जा तुम्ही, इथली काळजी करू नका." तिला त्यांचा इतका राग आला की आभार मानायचेच राहिले.

संध्याकाळी सासूबाईंच्या उशाशी बसली असताना बहिणीचा फोन आला. ताई, तिकीट काढलंस का?

"रजा नाही गं मिळाली," ती म्हणाली.

बहीण रडवेली होऊन म्हणाली, "कसला दुष्ट माणूस आहे गं तुझा साहेब."

सासूबाई टक्क जाग्या होत्या, तिच्याकडेच बघत होत्या.

"हो ना," ती म्हणाली. "फार दुष्ट आहे."