शेवटची ओळ

जितेश सरांची पेपर तपासायची पद्धत आख्ख्या कॉलेजला ठाऊक होती: आधी शेवटची ओळ बघायची. शेवटची ओळ बरोबर तर वरचं सगळं बरोबर, आणि ती चूक तर वरचं वाचायची गरजच उरत नाही. मीरा रोडला दुपारपर्यंत कॉलेज, संध्याकाळी भाईंदर पश्चिमेला स्वतःचे क्लास, त्यात गठ्ठ्यावर गठ्ठे. माणसाने वाचायचं तरी किती?

त्याच पद्धतीने दिव्याला एका प्रश्नात सहापैकी शून्य मिळालं होतं.

साठाच्या पेपरात चोवीसला पास, दिव्याला एकवीस. हा दुसऱ्या वर्षाचा उरलेला एकच विषय. तो सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि प्रवेशाची खिडकी आज संध्याकाळी बंद होणार होती. म्हणून दिव्या विभागप्रमुख उर्मिला मॅडमांच्या टेबलासमोर उभी होती. शेजारच्या खुर्चीत तिची आत्या सुलू, मांडीवर पिशवी घट्ट धरून. उत्तरपत्रिका मधे. जितेश सर पंख्याखाली.

"मॅडम, माझं उत्तर बरोबर आहे," दिव्या म्हणाली. "इंटिग्रल कन्व्हर्ज होतो."

"मॉडेल आन्सरमध्ये डायव्हर्ज आहे," जितेश सर म्हणाले. "विषय संपला."

उर्मिला मॅडमांनी प्रश्न वाचला. शून्यापासून अनंतापर्यंत, 1/(√x + x²). या रेषेखालचं क्षेत्रफळ मर्यादित आहे की नाही, ते तुलनेने ठरवा. अशा प्रश्नात भानगडीच्या जागा दोन. एका टोकाला x अनंताकडे पळतो, दुसऱ्या टोकाला शून्यापाशी छेद शून्य होतो आणि रेषा आभाळाला भिडते. दोन्ही टोकं वेगळी तपासायची, दोन्हीकडे मर्यादित निघालं तरच कन्व्हर्ज, नाहीतर डायव्हर्ज.

"मॉडेल आन्सर कोणी लिहिलं?"

"मीच. सोपं आहे मॅडम. छेदात मोठं पद बघायचं, x². √x सोडून द्यायचं. फंक्शन 1/x² पेक्षा लहान. आणि 1/x² चा इंटिग्रल शून्यापाशी डायव्हर्ज. म्हणून हाही डायव्हर्ज. माझ्या नोट्समध्ये चौकटीत आहे."

"चौकटीत आहे," मॅडम हळूच म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. मॅडम चष्मा पुसायला लागल्या की कॉलेजातले जुने लोक खोलीबाहेर जायचे. जितेश सर नवे होते.

"सर, x पॉइंट शून्य एक घ्या. √x किती?"

"पॉइंट एक."

"आणि x²?"

जितेश सरांनी मनात शून्यं मोजली. "पॉइंट शून्य शून्य शून्य एक."

"मग मोठं कोण?"

"...√x. पण मॅडम, मोठ्या घाताचं पद..."

"अनंताकडे मोठं! शून्यापाशी तेच किरकोळ होतं. तिकडचा नियम तुम्ही इकडे आणलात. बरं, तेही सोडा. फंक्शन 1/x² पेक्षा लहान आहे, हे खरं. त्या जागी हे दहाच्या आसपास आणि 1/x² दहा हजार. पण डायव्हर्ज होणाऱ्यापेक्षा लहान असून काय सिद्ध होतं? तुम्ही जाड आहात. मी तुमच्यापेक्षा बारीक. म्हणून मी जाड?"

जितेश सरांनी शर्ट खाली ओढला. सुलू आत्याने हसू पदरात दाबलं.

"म्हंजी पोर पास हाय का न्हाय?" तिने विचारलं.

"थांबा हो आत्या, अजून हिचं बघायचंय."

"बघाचं काय आता? सर चुकले ना?"

"सर चुकले म्हणजे ही बरोबर, असं नसतं."

मॅडमांनी दिव्याचं उत्तर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. या पानाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. x = 1 पाशी तुकडा पाडलेला, सुंदर. एकपासून अनंतापर्यंत: फंक्शन 1/x² पेक्षा लहान, आणि तिथे 1/x² कन्व्हर्ज, म्हणून हाही कन्व्हर्ज. अगदी बरोबर. मॅडमांचा चेहरा जरा निवळला. मग त्या शून्य ते एकच्या तुकड्यावर आल्या, आणि चष्मा पुन्हा हातात आला.

"दिव्या, हे काय आहे?"

"कंपॅरिझन, मॅडम. शून्य ते एकमध्ये x² हे √x पेक्षा मोठं होत नाही. म्हणून छेद जास्तीत जास्त 2√x. म्हणून फंक्शन कमीत कमी 1/(2√x). आणि 1/√x शून्यापाशी कन्व्हर्ज होतो. म्हणून हाही."

"कमीत कमी! म्हणजे कन्व्हर्ज होणाऱ्यापेक्षा मोठं."

"हो."

"आणि मोठं असून काय सिद्ध होतं?"

दिव्याने पंख्याकडे पाहिलं. पंख्याने काही सांगितलं नाही.

"बघा!" जितेश सरांच्या आवाजात जीव आला. "हिचंही चूक. म्हणजे शून्य बरोबरच होतं!"

"तुमचं शून्य बरोबर कसं? तुम्ही हे वाचलंही नव्हतं. गुरू लहान असल्यावरून डायव्हर्ज ठरवतो, शिष्या मोठी असल्यावरून कन्व्हर्ज ठरवते. एकाच दुकानाचा माल, फक्त उलटा लावलेला."

"मॅडम, पण उत्तर तर बरोबर आलं ना?" दिव्या म्हणाली.

"आलं. चुकून आलं."

"आलंच ना पन!" आत्या म्हणाली.

मॅडमांनी दीर्घ श्वास घेतला, आणि गुणवाटणीचा कागद स्वतःकडे ओढला. तुकडा पाडण्याला एक. अनंताच्या टोकाला दोन. शून्याच्या टोकाला तीन.

"पहिले दोन भाग बरोबर. तीन गुण. तिसऱ्याला काही नाही. एकवीस आणि तीन, चोवीस."

मग आत्याने दिव्याचा हात पकडला. "चल. खिडकी बंद व्हयाच्या आधी चल."

दिव्या हलली नाही. "मॅडम, ते तीनही द्या ना. मला येतं ते."

"येतं?"

तिने खडू उचलला आणि फळ्यावर एकच ओळ लिहिली: छेद √x पेक्षा मोठा, म्हणून फंक्शन 1/√x पेक्षा लहान, 1/√x शून्यापाशी कन्व्हर्ज, म्हणून हाही.

मॅडम त्या ओळीकडे बघत राहिल्या. बरोबर होती. पूर्ण बरोबर होती.

"हे परीक्षेत का नाही लिहिलं?"

"फारच सोपं वाटलं, मॅडम. सहा मार्कांना एवढं सोपं कसं असेल? म्हणून तो दोन आणला."

"जा," मॅडम म्हणाल्या. "सही केलेला कागद घे आणि जा. फळ्यावरच्या ओळीला गुण नसतात. आत्या, हिला न्या हो."

त्या दोघी गेल्या. जिन्यावरूनही दिव्याचा आवाज ऐकू येत होता: सत्तावीस झाले असते, आत्या, सत्तावीस. आणि आत्याचा: गप चल, चोवीस हाय तेच लय हाय.

जितेश सर उठले. "मॅडम, मग ज्यांनी डायव्हर्ज लिहून सहा घेतले, त्यांचं काय?"

आता समोर विद्यार्थिनी नव्हती, म्हणून मॅडम सरळ अरेतुरेवर आल्या. "लागलेला निकाल खाली आणता येत नाही. ते सहा तुझ्या चौकटीचे, त्यांना लखलाभ. पण कन्व्हर्ज लिहून शून्य घेतलेले किती आहेत?"

"बघावं लागेल."

"मग बघ." त्यांनी कपाटातून गठ्ठा काढून त्याच्यापुढे ठेवला. "आत्ताच. पहिल्या ओळीपासून."

जितेशने घड्याळाकडे पाहिलं. क्लासची पोरं येऊन बसायची वेळ झाली होती. त्याने पहिला पेपर उघडला, आणि नजर आपोआप तळाशी गेली.

"वर," मॅडम म्हणाल्या.