पोत्यातलं गेलेलं एक किलो

त्या आठवड्यात पॉपकॉर्नवालीला कुणी विचारलं असतं, बाई गं, जगात सगळ्यात टणक काय, तर तिने हिऱ्याचं नाव घेतलंच नसतं. ती म्हणाली असती, गणंग. न फुटलेला दाणा. सिनेमागृहाच्या दारात काचेचं मशीन लावून तिला नऊ वर्षं झाली होती. एका घाण्यामागे मूठभर गणंग निघायचे, तेवढे चालतात. आता घमेलंभर निघत होते. अंधारात प्रेक्षक ते असे कडाकडा चावत, की पडद्यावरच्या नटीला म्हणे आपले संवाद ऐकू येईनात.

मंगळवारी मॅनेजर आला. हातात एक पाकीट, पाकिटात कुणाच्या तरी दाढेचा तुकडा.

"वहिनी, हे आज सकाळी काउंटरवर आलं. शनिवारी मी स्वतः बघणार. असंच असेल तर रविवारपासून इथे बंद पाकिटंवाला बसेल."

तिने मशीन पुसलं, तेल बदललं, आच वाढवली. दाणे करपले, पण फुटले नाहीत.

दुपारी घरी येऊन तिने वजनकाट्यावर त्याच मालातलं, अजून वापरायला न काढलेलं दुसरं पोतं ठेवलं. काटा सासूबाईंचा, डॉक्टरांनी घ्यायला लावलेला. पोतं पंचवीस किलोचं, काटा चोवीस दाखवत होता.

"आई, एक किलो कुठे गेलं?"

"त्या काट्याचं काय ऐकतेस," सासूबाई म्हणाल्या. "मी उभी राहिले की दोन किलो वाढवतो मेला. बिचाऱ्या पोत्याचं कमी केलं असेल."

"उंदीर?"

"माझ्या घरात? शेवटचा उंदीर आला होता तो मला नमस्कार करून गेला."

पोत्याला भोक नव्हतं. पण तोंडाची शिवण तिला ओळखीची वाटली. एकसारखे, बारीक, तिरपे टाके. असे टाके या घरात एकच बाई घालते.

"आई, पोतं तुम्ही उघडलंत?"

सासूबाईंनी चष्मा पुसायला घेतला. स्वच्छच होता.

"दोन्ही पोत्यांना आठ दिवस गच्चीवर ऊन दिलं. कडकडीत. चाळीस वर्षं धान्य साठवतेय, एक किडा दाखव मला. तुझं काम सोपं व्हावं म्हणून केलं, आणि वर तू माझीच झडती घे."

पॉपकॉर्नवालीने मूठभर दाणे रुमालात बांधले आणि ती थेट धान्यवाल्याकडे गेली. त्याने ते ओलावा मोजायच्या छोट्या यंत्रात ओतले आणि भुवया वर केल्या.

"साडेदहा टक्के. मी दिले तेव्हा चौदा होता. ताई, या मक्याला वाळवतात का कधी? त्याच्या पोटातलं पाणीच तर त्याचा जीव. तापलं की त्याची वाफ होते, साल घट्ट म्हणून आत कोंडते, आणि कोंडली की फुटतं. पाणीच नाही तर फुटणार काय?"

"म्हणजे माझं एक किलो..."

"उन्हात उडून गेलं. पाणी होतं ते."

"परत घालता येईल?"

"येईल. पण बेताने आणि दमाने. सहा किलोला पाव लिटर, झाकण घट्ट, दिवसातून चारदा हलवायचं. तीन-चार दिवस लागतील. उन्हाने ज्यांच्या सालीला चीर गेली, ते मात्र गेले. त्यांची वाफ आधीच निसटते."

संध्याकाळी चार मोठे डबे मांडले गेले. सासूबाईंनी पदर खोचला. गणंगांचं पाप आपल्या माथी आलंय, हे कुणी न सांगता त्यांना कळलं होतं. चारदा म्हटलं तर चौदादा डबे हलवले. शेजारीण विचारायला आली, घरात आगगाडी घेतली का.

शुक्रवारी प्रत्येक डब्यातले शंभर दाणे मोजून कढईत टाकले. पहिल्या तीन डब्यांत गणंग सहा, सात, पाच. चौथ्यातल्या लाह्या लहान, चिवट, चप्पल चावल्यासारख्या.

"आई."

"थोडंसं जास्त घातलं," सासूबाई म्हणाल्या. "एक पेला. मला वाटलं, आठ दिवस तहानलेत बिचारे."

पॉपकॉर्नवालीला हसू आवरेना. आठवड्यातलं पहिलंच. चौथा डबा तिने सावलीत पसरला, जास्तीचं पाणी हळूहळू उडायला.

शनिवारी मॅनेजर मशीनसमोर उभा राहिला. घाणा टाकला. आधी शांतता, मग एक टप्, मग अशी काही तडतड उठली की लाह्यांनी मशीनचं झाकण वर ढकललं. त्याने तळाचा ट्रे ओढला. बोटाने गणंग उलटेपालटे केले. मूठसुद्धा भरत नव्हती.

"हे का राहिले?"

"साल चिरलीय त्यांची. तेवढे राहणारच."

त्याने एक लाही तोंडात टाकली, मग दुसरी, मग पुडाच उचलला.

"बंद पाकिटंवाल्याला नाही सांगतो," तो खात खात म्हणाला आणि आत गेला.

रांगेतल्या पहिल्या पोरीला, आज मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई सांगत होत्या, की परवा एक लाही इतकी मोठी फुटली, की दारातून बाहेर काढायला चौघं लागले. सांगता सांगता त्यांनी डब्यांतून परत भरून आणलेल्या पोत्यावर आलेलं ऊन पाहिलं, खुर्ची सरकवली आणि उन्हाकडे पाठ करून आडव्या बसल्या.

"तू ओत गं," त्या सुनेला म्हणाल्या. "मी सावली धरलीय."