एका फटक्यात

कुकरची शिट्टी झाली आणि झोपलेली वेदू उठून बसली. "आई, झालं? बागेत जायचं ना?"

"जायचं गं. यादी पाठवली आत्ताच."

मुलांच्या इंग्रजी शब्दकोशात घ्यायच्या शब्दांची यादी होती ती. निम्मी स्पेलिंगं अमेरिकन, निम्मी ब्रिटिश. मला सगळी ब्रिटिश करायची होती. वेदूची संध्याकाळ वाचावी म्हणून 'ऑर्गनाइज'सारख्या शब्दांच्या शेवटचा झेड मी एका फटक्यात बदलून एस केला. एकेक शब्द बघितलाच नाही.

तेवढ्यात संपादक विश्वेश सरांचा फोन आला. "मॅडम, 'साइज' आणि 'प्राइज'मधला झेड कुठे पळवलात? ते ब्रिटिशही झेडनेच लिहितात हो! आजच सगळी यादी पुन्हा तपासा."

मी मूळ फाइलवरच सेव्ह करून बसले होते, जुनी प्रत उरलीच नव्हती. आता सगळे शब्द एकेक करून डोळ्यांखालून घालायचे. चिडून चिडणार तरी कुणावर?

वेदू चपला घालून दारात उभी होती.

"बाळा, अजून थोडे शब्द राहिलेत."

तिने चपला काढल्या नाहीत. तशीच आली, माझ्या मांडीवर हनुवटी टेकवली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "किती शब्दांनंतर माझा नंबर आहे?"