आजचं माप, उद्याची कात्री

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मास्तरांचा फोन वाजला आणि अकरा वाजून अठरा मिनिटांनी ते शहरातले सर्वांत भाग्यवान शिंपी झाले.

शिलाई मशीन बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीतून साहेब बोलत होते. आवाज गोड, वाक्यं इस्त्री केलेली. कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून शहरातल्या एकाच शिंप्याला भरतकामाचं संगणकी मशीन भेट, आणि तो शिंपी म्हणजे मास्तर. नोंदणीचे अडतीस हजार तेवढे भरायचे, तेही मशीनबरोबर परत मिळणार. मात्र पैसे आज पाचच्या आत यायला हवेत. आणि ही गोष्ट कुणाला, अगदी घरच्यांनाही सांगायची नाही. दुसऱ्या शिंप्यांच्या कानावर गेली की तक्रारी होतील आणि निवड रद्द.

"बँकेतून कुणी विचारलंच तर नातेवाइकाला पाठवतोय म्हणा," साहेब म्हणाले.

मास्तरांकडे चाळीस हजार होते. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूसाठी वर्षभर बाजूला टाकलेले. सहा महिने झाले, सुईत दोरा वहिनी ओवून देत होत्या, आणि काळ्या कापडावरची काळी शिलाई मास्तर अंदाजानं मारत होते. तरी ऑपरेशनची तारीख घ्यायला ते जात नव्हते. डोळ्याला कुणी हात लावणार या विचारानंच त्यांना घाम फुटे. आता तो प्रश्नच मिटला. मशीन स्वतः टाके घालणार म्हटल्यावर डोळे हवेत कशाला?

आनंद एवढा मोठा आणि दुकान आठ बाय दहाचं. मास्तर गुणगुणू लागले. एका गिऱ्हाइकाला त्यांनी उसवलेली बाही फुकट शिवून दिली. दुसऱ्याच्या कमरेचं माप घेता घेता स्वतःशीच हसले, तो बिचारा पोट आत ओढून उभा राहिला. मग शर्टाला उजवी बाही डावीकडे लावली, उसवली, आणि पुन्हा तशीच लावली.

खिडकीशी बसून काज करणाऱ्या वहिनी हे चष्म्यावरून बघत होत्या. थोरल्या भावाच्या माघारी दुकानाचा अर्धा संसार त्यांच्या बोटांवर चालायचा.

"भावोजी, आज लॉटरी लागली का काय?"

"छे, कुठली लॉटरी." मास्तरांनी घाईनं तोंडात दोन टाचण्या धरल्या. तोंड बंद ठेवायचा तेवढाच उपाय होता.

चार वाजता साहेबांचा पुन्हा फोन. खाते क्रमांक पाठवलाय, भरा, आणि पैसे जाईपर्यंत फोन ठेवू नका. मास्तरांनी फोन स्पीकरवर टाकला, स्क्रीन नाकाशी धरली, मग हात लांब केला, मग दारात उजेडाला गेले. चौदा आकडे. आठ दिसला की तीन वाटे, सहा दिसला की शून्य.

शिवाय आणखी एक अडचण होती. एकट्यानं आकडा लिहायची मास्तरांना सवयच नव्हती. थोरल्या भावाच्या वेळेपासून दुकानात एकानं माप बोलायचं आणि दुसऱ्यानं ते परत बोलून वहीत लिहायचं. तीस वर्षांत मास्तरांनी न बोललेला आकडा कागदावर उतरवला नव्हता.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "एवढे आकडे बोला जरा. बाकी काही विचारू नका."

वहिनींनी फोन घेतला. "चार, सात, शून्य, दोन. कुणाचं माप हे?"

"विचारू नका म्हटलं ना."

"अहो, माणूस माहीत नसताना मी कधी माप बोललेय का?"

फोनमधून साहेबांचा आवाज आला. "कोण आहे तिथे? मी सांगितलं होतं, कुणालाही कळता कामा नये."

वहिनींनी फोन हातभर दूर धरून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या आखूड पडलेल्या कापडाकडे बघावं. मग मास्तरांकडे वळल्या. मास्तरांचं पोट सकाळपासून फुगलं होतंच. एका दमात सगळं बाहेर आलं. मशीन, पन्नास वर्षं, अडतीस हजार, पाच वाजता, कुणाला सांगायचं नाही.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "साहेब, उद्या भरतो."

"उद्या चालणार नाही बाई. यादी पाचला बंद होते."

"आमच्याकडे आज आलेलं कापड आज कापत नाहीत. रात्रभर भिजवतो. आटायचं ते आटतं, मग कात्री लावतो." हा नियम मास्तरांमुळेच आला होता. एकदा त्यांनी घाई करून मुख्याध्यापकांची पँट आल्या दिवशी कापली आणि पहिल्याच धुण्यात मुख्याध्यापकांच्या पोटऱ्या सगळ्या शाळेनं पाहिल्या.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "तुमच्यासाठी पंचवीस हजार."

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. "आटायला लागलं."

"पंधरा. पण आत्ता."

"अजून पाण्यात घातलंही नाही, भावोजी."

"पाच हजार भरा, बाकीचे नंतर," साहेब ओरडले. इस्त्री पार उतरली होती. "नाहीतर तुमच्यावर केस होईल."

मास्तरांना कुठूनसं हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून. सकाळी बक्षीस देणारा माणूस संध्याकाळी केस घालत होता. वहिनींनी फोन बंद केला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. पाच वाजून गेले. काहीही झालं नाही.

रात्री मात्र मास्तरांना चुटपुट लागली. खरं असतं तर?

सकाळी दोघं बाजारातल्या मशीनच्या दुकानात गेले. विक्रेत्यानं कंपनीच्या पावतीवरच्या नंबरावर त्यांच्यासमोर फोन लावला. अशी योजना नव्हती. "मशीन खपवायचं असतं तर मी तुम्हाला पैसे महिन्याभरानं द्या म्हटलं असतं," विक्रेता म्हणाला. "आणि बक्षीस दिलं असतं तर गल्लीभर बोर्ड लावला असता. लपवून कोण देतं?"

परत येताना मास्तर समोरच्या सूटवाल्याच्या दारात थांबले. सूटवाला कालपासून गालातल्या गालात हसत होता आणि त्यानं आपलं जुनं मशीन विकायला काढलं होतं.

"तुलाही फोन आला?" मास्तरांनी विचारलं.

सूटवाल्याचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितलं? शहरात एकट्या माझी निवड झालीय."

पलीकडचा ब्लाउजवाला मान बाहेर काढून म्हणाला, "एकट्या माझी."

तिघं भाग्यवान एकमेकांकडे बघत उभे राहिले. काल दिवसभर तिघांनी एकमेकांना कीव आल्यासारखा नमस्कार केला होता. वहिनी आधी हसल्या, मग गल्लीच हसली. सूटवाला मात्र अर्धवटच. त्याचे पाच हजार काल संध्याकाळी गेले होते, साहेबांनी बजावलं म्हणून बोलला नव्हता. वहिनींनी हसू गिळलं आणि त्याला उभ्या उभ्या बँकेत नेलं, तिथून पोलिसांत. तक्रार जितकी लवकर तितकं बरं, असं बँकेतली बाई म्हणाली. या एका कामात वहिनींनी कापड भिजवलं नाही.

पुढच्या सोमवारी मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसले.

"गुरुवारी करूया," डॉक्टर म्हणाले.

मास्तर खुर्चीच्या टोकाला सरकले. "एक दिवस थांबलो तर चालेल? घरी विचारायचंय."

"आठवडाभर थांबा. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा हवं तर. आणि घरचं कुणी बरोबर आणा, सगळं समजावून सांगतो."

मास्तर खुर्चीवरून उठले. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. "वहिनी, आत या. माप बोलायचंय."